टॅगखालचा काठ

“साड्यांचे चाळीस फोटो आहेत. बॅकग्राउंड आणि लोंबणारे टॅग काढून द्या. किती घ्याल?” घरून काम करणाऱ्या फोटो एडिटरला कापड दुकानदारांकडून असे निरोप येतात. निरोप दोन ओळींचा असला तरी त्यात दोन वेगळी कामं एका दमात सांगितलेली असतात.

बॅकग्राउंड काढताना साडी फोटोत असतेच. तिच्या कडेने रेघ आखायची आणि बाकीचं बाजूला करायचं, एवढंच काम. टॅगचं तसं नाही. टॅग लोंबतो तिथलं कापड कॅमेऱ्याला दिसलेलंच नसतं. टॅग पुसला की फोटोत भोक उरतं आणि ते कशाने भरायचं हे एडिटरला ठरवावं लागतं. निरोपात त्याबद्दल अवाक्षर नसतं. मग “एवढ्याशा कामाचे इतके पैसे?” असा वाद होतो.

समजा, येवल्याच्या दुकानातली हिरवी पैठणी हँगरवर लावली आहे, पदर पुढे आणि सेफ्टी पिनला किमतीचा टॅग. टॅग नारळी काठावर आला असेल तर काम सोपं. काठाची नक्षी पुन्हा पुन्हा येते, म्हणून वरचा तुकडा उचलून खाली जुळवता येतो. तरी जर दगा देते. घडीवर ती झळकते, चुणीत काळवंडते. झळकणारा तुकडा सावलीत बसवला तर ठिगळ लगेच दिसतं. काठावर एकच चमक दोन ठिकाणी हुबेहूब दिसली, तर तिथे जोडकाम झालं आहे असं समजावं.

टॅग पदरावरच्या मोरावर असेल तर मात्र उसना तुकडा आणू नये. पैठणीचा पदर हातमागावर रंगीत धागे हातानेच गुंतवत विणतात, त्यामुळे शेजारचा मोर तंतोतंत तसाच नसतो. दुसऱ्या मोराची चोच इथे बसवली, तर गिऱ्हाइकाला घरी येणाऱ्या साडीत नसलेली गोष्ट आपण दाखवतो. यावर उपाय दुकानातच आहे. कॅमेरा स्टँडवरून न हलवता दोन फोटो घ्यायचे, एक आहे तसा आणि दुसरा टॅग हळूच मागे सरकवून. एडिटर दुसऱ्यातला खरा मोर पहिल्यात बसवतो.

बॅकग्राउंडमध्ये अडतं ते गोंड्यांपाशी. त्यांच्या बारीक धाग्यांमधून मागची भिंत दिसते. नेट किंवा ऑर्गंझाच्या साडीत तर भिंतीचा रंग कापडातूनच झिरपतो, म्हणून तिथे नुसती कड कापून भागत नाही. काम नीट झालं का हे दुकानदारालाही तपासता येतं. पारदर्शक फाइल आधी काळ्या, मग पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवून पाहावी. कडेला जुन्या भिंतीची फिकट रेघ दिसली तर फोटो परत पाठवावा.

हे सगळं ध्यानात घेऊन लिहिलेली चिठ्ठी अशी होईल:

“नमस्कार ताई, ४० साड्यांचे फोटो ड्राइव्हवर टाकले आहेत, मूळ कॅमेऱ्याच्या फाइली आहेत. बॅकग्राउंड पूर्ण पांढरं हवं. गोंडे कापू नका. किमतीचे टॅग, त्यांची दोरी आणि पिना काढा. १२ फोटोंत टॅग पदरावर आहे, त्यांचे टॅगविना दुसरे फोटो त्याच नंबरने ठेवले आहेत. साडीचा रंग बदलू नका. विणीतली गाठ किंवा डाग दिसला तर पुसू नका, मला कळवा. आधी एक काठावरचा आणि एक पदरावरचा नमुना करून दाखवा. पसंत पडले की बाकीचे. दोन्हींचा दर वेगळा सांगा.”

‘मूळ फाइली’ लिहिण्याला कारण आहे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि गोंड्यांचे धागे आधीच चिकटून जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसा राहतो. पूर्ण पांढरं म्हणजे एडिटरच्या भाषेत 255, 255, 255. ॲमेझॉनसारख्या साइटवर मुख्य फोटोला हेच लागतं. रंगाची ओळ तर वगळूच नये. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेली धूपछाव साडी एडिटरला ‘चुकलेल्या रंगाची’ वाटू शकते, आणि तो भाबडेपणाने ती सुधारून ठेवतो.

सिल्क मार्कच्या लेबलबाबत वेगळी सूचना द्यावी. ते शुद्ध रेशमाची खूण म्हणून लावलेलं असतं आणि गिऱ्हाईक ते शोधतं. मुख्य फोटोतून काढा, पण त्याचा जवळून घेतलेला स्वतंत्र फोटो जरूर ठेवा.

दुकानदारांना एकच विनंती आहे. विक्रीच्या साडीचा टॅग कापता येत नाही हे खरं, पण फोटो घेण्याआधी तो पदरामागे खोचून ठेवता येतो. तेवढं केलंत तर टॅग काढण्याचे पैसे द्यावेच लागणार नाहीत.