हट्टी मूल, आजी-आजोबा आणि एक पुस्तक

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेक्स फोरहँड आणि निकोलस लाँग यांचं ‘पेरेंटिंग द स्ट्राँग-विल्ड चाइल्ड’ हे पुस्तक दोन ते सहा वर्षांच्या हट्टी मुलांसाठी आहे. दवाखान्यात अभ्यासून पारखलेली पद्धत त्यात पाच आठवड्यांत, दर आठवड्याला एक कौशल्य अशी शिकवली आहे. सुरुवात शिस्तीपासून होत नाही. आधी रोज थोडा वेळ मुलाच्या खेळात सामील व्हायचं; सूचना नाहीत, प्रश्न नाहीत. मग कौतुक, दुर्लक्ष, स्पष्ट सूचना आणि शेवटी ‘टाइम-आउट’.

आपल्या घरात गाडी अडते ती दुर्लक्षापाशी. बिस्किटासाठी सुरू झालेल्या रडण्याकडे आईने लक्ष दिलं नाही, की ते आधी वाढतं. नेमकं तेव्हाच आजीने बिस्किट दिलं, तर मूल शिकतं की जास्त रडावं लागतं. म्हणून हे आजीला आधीच सांगावं आणि रडं थांबताच जवळ घेण्याचं काम तिच्याकडे द्यावं. ‘मोठ्यांचं ऐकावं’ ही आजोबांची अपेक्षाही इथे बसते, फक्त सूचना एका वेळी एकच हवी: “चप्पल घाल.” मारणं, चावणं किंवा रस्त्यावर धावणं मात्र दुर्लक्षात बसत नाही, तिथे लगेच थांबवायचं.