शशी आला की आली?

अगाथा ख्रिस्तीच्या 'ए मर्डर इज अनाउन्स्ड' (1950) या कादंबरीत पिप आणि एमा या जुळ्या भावंडांचा नुसता उल्लेख येतो. एका मोठ्या वारशावर त्यांचा हक्क निघू शकतो, पण लहानपणानंतर त्यांना कुणी पाहिलेलं नाही. एमा मुलगी, म्हणजे पिप मुलगा, असं वाचक परस्परच ठरवून टाकतो आणि गावातल्या तरुण पुरुषांकडे संशयाने बघू लागतो. (कादंबरी वाचायची राहिली असेल त्यांनी पुढचं वाक्य गाळावं.) पिप हे फिलिपा या नावाचं लाडकं रूप निघतं, आणि ही फिलिपा पहिल्यापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वावरत असते. ख्रिस्तीने कुठेही खोटं सांगितलेलं नाही. फिलिप आणि फिलिपा, दोघांनाही घरात पिप म्हणता येतं, एवढाच तिचा आधार.

असं दुहेरी नाव मराठीत शोधायला लांब जावं लागत नाही. किरण नगरकर लेखक, किरण मोरे यष्टिरक्षक आणि किरण बेदी पोलीस अधिकारी. शीतल म्हटलं की बहुतेकांना मुलगी आठवते, पण सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत शीतल नावाचे पुरुष सहज भेटतात. पिपला सर्वांत जवळचं नाव मात्र शशी. ते शशिकांतचंही होतं आणि शशिकलाचंही. पूर्ण नाव रेशनकार्डावर किंवा मृत्युपत्रात सापडलं की उलगडा आपोआप होतो, त्यामुळे रहस्यकथेला ते सोयीचं पडतं.

नाव मिळालं, तरी खरी अडचण पुढेच आहे. इंग्रजीत सर्वनाम टाळलं की बरंचसं काम भागतं. मराठीत 'शशी आला' लिहा की 'शशी आली', गुपित पहिल्याच क्रियापदाला फुटतं. आदराने बोलूनही सुटका नाही, कारण 'आले' आणि 'आल्या' हा भेद तिथेही उरतोच.

तरीही वाटा आहेत. समजा, वाड्यातली वरची खोली सोडून एक भाडेकरू नाहीसा झाला आहे आणि कादंबरीकाराने त्याविषयी असं लिहिलं: 'शशी दर शनिवारी गावाला जायचा. जाताना तो खूप अबोल असायचा.' इथे तीन ठिकाणी पुरुष उघडा पडला. तेच असं लिहिता येईल: 'दर शनिवारी शशी गावाला जाई. त्या दिवशी कुणाशी फारसं बोलणं होत नसे. शेवटच्या शनिवारी शशीने खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली मालकांकडे दिली.' 'जाई' हे रूप दोघांनाही चालतं. 'बोलणं होत नसे' यात क्रियापद बोलण्याच्या मागे जातं. 'ने' लागला की 'लावलं' हे कुलपाप्रमाणे आणि 'दिली' हे किल्लीप्रमाणे चालतं, शशीप्रमाणे नाही. 'शशीला राग आला' हेही त्याच कारणाने निर्धोक. सर्वनाम हवंच असेल तर आदरार्थी 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचा' वापरावं. विशेषणं हुशार, हट्टी, शांत अशी न बदलणारी निवडावीत.

पात्र लहान असेल तर मराठी आणखी उदार होते. 'पोर रडत आलं, भाकरी खाऊन झोपलं' असं पानभर लिहिलं तरी मुलगा की मुलगी ते कळत नाही, आणि ऐकायला काही खटकतही नाही.

ही कसरत दुय्यम पात्रापुरतीच झेपते. नायक पानोपानी येतो, जातो, बसतो, उठतो. त्याच्या प्रत्येक हालचालीला 'ने' लावता येत नाही, आणि दर वाक्यात 'शशीने, शशीला, शशीचं' आलं की वाचकाला लपवाछपवीचा वास येतो. म्हणून असं पात्र बहुतेक वेळ पडद्याआड ठेवावं आणि त्याची माहिती पत्रांतून, हिशेबाच्या वहीतून, ऐकीव गोष्टींतून येऊ द्यावी.

संवादात जास्त फसगत होते. शशीला ओळखणारी शेजारीण 'काय रे' किंवा 'अगं' म्हणणारच. तिच्या तोंडी दहा वाक्यं आडवळणाची घातली तर ती शेजारीण राहत नाही, लेखकाची साथीदार होते. त्यापेक्षा ज्याने शशीला कधी पाहिलेलंच नाही असा माणूस बोलता करावा. नव्या भाडेकरूने नुसतं नाव ऐकून 'कुठे गेला हो हा शशी?' असं बिनधास्त विचारावं. चूक त्या पात्राची राहते, निवेदकाचा शब्द खरा राहतो आणि वाचक मात्र त्याच्यामागोमाग चुकीच्या वाटेला लागतो.

खर्डा झाला की शशीचा उल्लेख असलेली सगळी वाक्यं वेगळी काढून त्यातलं प्रत्येक क्रियापद, सर्वनाम आणि विशेषण तपासावं. मग गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला तरी ती वाचायला देऊन शशी कोण वाटतो की वाटते, आणि कुठल्या वाक्यावरून, ते विचारावं. उत्तरात एखाद्या वाक्यावर बोट आलं तर ते बदलायचं. नुसत्या 'असं वाटलं'वर थांबलं तर मजकूर हलवायची गरज नाही. पुढे हव्या त्या प्रकरणात दार उघडून 'शशी आत आली' एवढंच लिहिलं की पुरे, वेगळा खुलासा लागत नाही.