मेंदूत गाठ, तरी डॉक्टर म्हणतात ‘थांबू या’. का?

समजा, ६५ वर्षांच्या काकूंचा डोकं आपटल्यामुळे सीटी स्कॅन झाला आणि त्यात दीड सेंटीमीटरची मेनिन्जिओमा दिसली. ही गाठ मेंदूच्या आवरणातून उगवते आणि बाहेरून मेंदूवर टेकते. बहुतेक मेनिन्जिओमा कर्करोगाच्या नसतात. काकूंच्या गाठीत कॅल्शियम साचलंय, भोवती सूज नाही, त्रासही नाही. अशा गाठी वर्षाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर वाढतात, काही वाढतच नाहीत. म्हणून सहा महिन्यांनी एमआरआय, मग दरवर्षी. तुलना नेहमी पहिल्या स्कॅनशीही करायची, कारण सावकाश वाढ लागोपाठच्या दोन स्कॅनमध्ये नजरेतून सुटते.

गाठ वाढताना दिसली, पण अजून तीन सेंटीमीटरच्या आत असली, तर गॅमा नाइफचा विचार होतो. यात चाकू नसतो. कोबाल्टचे सुमारे दोनशे बारीक किरण एकाच बिंदूवर मिळतात आणि बहुधा एकाच बैठकीत उपचार होतो. गाठ नाहीशी होत नाही, तिची वाढ थांबते. दहापैकी नऊ जणांत ती अनेक वर्षं आटोक्यात राहते. काही महिन्यांनी भोवती सूज येऊन डोकेदुखी किंवा फिट येऊ शकते.

गाठ मोठी असेल, मेंदू दाबत असेल किंवा दृष्टीच्या नसेला चिकटली असेल, तर सहसा आधी शस्त्रक्रिया. नवी फिट, हातापायात कमजोरी किंवा नजर अंधूक झाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.