दुकानाच्या उद्घाटनाचे पत्रक

दुकानाच्या उद्घाटनाचे पत्रक म्हणजे नव्या दुकानाची माहिती परिसरातील अनोळखी लोकांना देण्यासाठी छापलेले एकपानी हस्तपत्रक होय. बोलण्यात त्यास हँडबिल असेही म्हणतात. ते पुष्कळदा ए-५ आकाराच्या (१४८ × २१० मि.मी.) कागदावर छापतात आणि वृत्तपत्रात घालून किंवा हातोहात वाटतात. वृत्तपत्र उघडताच ते खाली पडते, आणि उचलणारा ते ठेवायचे की टाकायचे हे काही क्षणांत ठरवितो. म्हणून पत्रकाचा मजकूर किती सुंदर आहे यापेक्षा तो कोणत्या क्रमाने येतो, हे अधिक निर्णायक असते.

निमंत्रणपत्रिकेचा प्रभाव

मराठी पत्रकांतील क्रम बहुधा निमंत्रणपत्रिकेवरून उचललेला असतो. आरंभी गणेशवंदना, मग कुलदैवत, त्यानंतर ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ हे वाक्य, पुढे उद्घाटकांचे नाव, प्रमुख उपस्थिती आणि शेवटी ‘आपले नम्र’ म्हणून घरातील मंडळींची यादी. विक्रीस काय आहे, हे तळाशी बारीक अक्षरांत सापडते.

निमंत्रणपत्रिकेत हा क्रम योग्यच आहे. ती आप्तेष्टांच्या हाती जाते. त्यांना कोणी बोलावले आणि कोण येणार याचे अगत्य असते. पत्रक मात्र ज्यांना दुकानदाराचे नावही ठाऊक नाही अशांच्या हाती पडते. त्यांच्या मनातील प्रश्नांचा क्रम निराळा असतो : येथे काय मिळते, त्यात माझा लाभ कोणता, तो केव्हापर्यंत, आणि जायचे कोठे. मजकुराने याच क्रमाने उत्तरे द्यावीत. माथ्यावर लहानसे ‘॥ श्री ॥’ ठेवल्याने काही बिघडत नाही. पण मान्यवरांची यादी नातेवाइकांसाठी छापलेल्या स्वतंत्र पत्रिकेत गेलेली बरी.

एक उदाहरण

कोल्हापूर परिसरात वर्षभराची कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात करून ठेवतात. ब्याडगी, संकेश्वरी अशा मिरच्या आणून, वाळवून, देठ काढून त्या कांडपाला नेतात. साडेतीन मुहूर्तांपैकी एक असलेला गुढीपाडवा याच हंगामात येत असल्याने मिरची कांडपाचे दुकान उघडण्यास तो दिवस सोयीचा. अशा एका कल्पित दुकानाचा पहिला मसुदा पुढीलप्रमाणे असू शकेल :

‘सर्व ग्राहक बंधू-भगिनींना कळविण्यास आनंद होतो की, आमचे नूतन मिरची व मसाला कांडप केंद्राचा भव्य शुभारंभ गुढीपाडव्याच्या शुभमुहूर्तावर होत आहे. उद्घाटनानिमित्त पाच किलोवर एक किलो मोफत. अटी लागू. तरी सर्वांनी उपस्थित राहून उपकृत करावे.’

येथे ‘कांडप’ हा कळीचा शब्द येईपर्यंत बारा शब्द खर्ची पडतात. पण त्याहून मोठा दोष सवलतीच्या वाक्यात आहे. ‘पाच किलोवर एक किलो मोफत’ याचे तीन अर्थ निघतात : पाच किलो आणणाऱ्याने चारच किलोंचे पैसे द्यावयाचे, सहा किलो आणून पाचांचे द्यावयाचे, किंवा पाच किलो कांडल्यावर एक किलो मिरचीच भेट मिळावयाची. प्रत्येक ग्राहक आपल्या सोयीचा अर्थ घेऊन येतो आणि पहिल्याच दिवशी गल्ल्यापाशी वाद होतो. सवलतीचे वाक्य अर्थाने एकेरी असावे. ते थोडे लांबले तरी चालते.

सुधारलेला मजकूर असा होईल :

यंदाची चटणी इथे कांडून घ्या
मिरची व गरम मसाला कांडप, आपल्या डोळ्यांसमोर
६ किलो मिरची कांडा, ५ किलोंचेच पैसे द्या
गुरुवार १९ मार्च (गुढीपाडवा) ते रविवार २२ मार्च. एका घरास एकदाच
नंबर लावण्यासाठी फोन : (दूरध्वनी क्रमांक)
मारुती मंदिरासमोर, (गल्लीचे नाव)
सकाळी ८ ते रात्री ८
(दुकानाचे नाव)

मथळा पाच शब्दांचा आहे आणि त्यात वाचणाऱ्याच्या घरचे काम आहे. दुकानाची थोरवी नाही. ‘भव्य शुभारंभ’ हा मथळा भांड्यांच्या दुकानालाही चालला असता, तसा हा चालणार नाही. मथळा जमला की नाही हे ओळखण्याची ही साधी खूण आहे. ‘डोळ्यांसमोर’ हा शब्दही सहज आलेला नाही. आपली मिरची दुसऱ्याच्या मिरचीत मिसळेल ही कांडपाला जाणाऱ्यांची नेहमीची शंका असते. तिला तो उत्तर देतो. अर्थात दुकानात खरोखरच ग्राहकाला यंत्राजवळ थांबू देणार असतील तरच तो लिहावा.

दुकानाचे नाव शेवटी गेलेले पाहून मालकास वाईट वाटते. परंतु नव्या दुकानाच्या नावाला अद्याप ओळख मिळालेली नसते. जुन्या, नामांकित पेढीची दुसरी शाखा उघडत असेल तर मात्र हा क्रम उलटतो. तेथे नावच मथळा होते.

सवलतीची अट सवलतीला लागूनच, वाचता येईल अशा अक्षरांत असावी. नुसते ‘अटी लागू’ लिहिल्याने संशय वाढतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यानुसार महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरू शकते. मुदत सांगताना ‘या रविवारी’ असे न लिहिता वार आणि तारीख दोन्ही द्यावीत. पत्रक कोणाच्या हाती चार दिवस उशिराही पडते.

पत्ता आणि दूरध्वनी

एरवी दूरध्वनी क्रमांक पत्त्याच्या खाली येतो. वरील उदाहरणात तो वर घेतला आहे, कारण हंगामात कांडपाला गर्दी असते आणि ग्राहकाची पहिली कृती नंबर लावण्याची असते. किराणा दुकानासाठी हाच क्रमांक सर्वांत खाली चालेल. तेथे लोक फोन न करता सरळ येतात.

पत्त्यात ठळक खूण आधी द्यावी, गल्ली नंतर. सिटी सर्व्हे नंबर वाचून कोणी दुकान शोधत नाही. क्रमांक शक्यतो एकच असावा आणि त्याचे दहा अंक पाच-पाचच्या दोन गटांत छापावेत. बारीक छपाईत काही वळणांच्या अक्षरांतील १ आणि ९ सारखे दिसतात, म्हणून हे अंक मोठे ठेवणे इष्ट.

मुद्रित तपासणी

मजकूर मोबाइलवर टंकित करून मुद्रकाकडे धाडला की तेथील जुन्या टंकांत तो उतरविताना जोडाक्षरे आणि रफार विस्कटण्याचा संभव असतो. ‘उद्घाटन’, ‘मार्च’ यांसारखे शब्द म्हणून पडद्यावर न तपासता कागदी मुद्रितावर तपासावेत. वार आणि तारीख दिनदर्शिकेशी जुळवावी. छापलेला क्रमांक मुद्रितावरूनच वाचून फिरवून पाहावा. पाठ असलेला क्रमांक फिरविला तर चूक सापडत नाही. शेवटी ज्याने मजकूर पूर्वी पाहिलेला नाही अशा एखाद्या शेजाऱ्याच्या हाती ते मुद्रित पाच सेकंद देऊन परत घ्यावे आणि काय, किती व केव्हापर्यंत, हे विचारावे. त्याला काय ते सांगता आले नाही तर मथळा बदलावा. किती हे चुकले तर सवलतीचे वाक्य पुन्हा लिहावे, आणि तारीख आठवली नाही तर ती सवलतीपासून फार दूर गेली आहे असे समजावे.