डग्गा फाटला नव्हता, फोन जवळ होता

गेल्या पावसाळ्यात मी रियाजाचं रेकॉर्डिंग गुरुजींना पाठवलं आणि त्यांचा लगेच फोन आला, "डग्ग्याची पुडी गेलीय का गं? की हात आपटतेस?" पुडी ठणठणीत होती. म्हणजे हातच चुकत असणार, असं समजून मी पंधरा दिवस डग्गा हलक्या हाताने वाजवत राहिले आणि असलेला घुमारा घालवून बसले. दोष हाताचा नव्हता. फोन डग्ग्यापासून वीतभर अंतरावर, जमिनीवर ठेवलेला होता.

तुम्हीही फोनवर रियाज रेकॉर्ड करत असाल, तर आवाज फाटतो म्हणजे नेमकं काय होतं ते आधी बघू. फोनच्या माइकमध्ये एक अतिशय छोटा पडदा असतो. हवेच्या दाबाप्रमाणे तो हलतो, त्याचा विद्युत संकेत होतो, तो वाढवला जातो आणि मग त्याचे आकडे होतात. यातल्या प्रत्येक पायरीला एक कमाल मर्यादा असते. जवळून वाजलेला जोरदार 'धा' ती ओलांडतो, तेव्हा लहरीचा गोल माथा सपाट कापला जातो. त्या सपाट कडांमुळे मूळ आवाजात नसलेल्या वरच्या कंप्रता तयार होतात आणि आपल्याला खरखर ऐकू येते.

माझी फाइल मी ऑडॅसिटीमध्ये उघडली आणि 'धा'च्या जागी चित्र मोठं करून पाहिलं. माथे सपाट होते, पण पट्टीच्या टोकाला टेकलेले नव्हते, बरेच खाली होते! याचा अर्थ आवाज आधीच्याच पायरीवर कापला गेला आणि नंतर फोनने तो लहान करून साठवला. म्हणून अशा वेळी अ‍ॅपमधली आवाजाची पट्टी खाली ओढून काही उपयोग नाही. कापलेला माथा छोटा होतो, गोल होत नाही. उपाय एकच, माइकपर्यंत पोचणारा आवाजच कमी करायचा, म्हणजेच अंतर वाढवायचं.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाजाची पातळी 6 डेसिबलने उतरते. 20 सेंटिमीटरवरून 80 वर गेलं की दोनदा दुप्पट:

`20 × log10(80/20) ≈ 12 dB`

म्हणजे लहरीची उंची पावपट. खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे प्रत्यक्षात घट थोडी कमी मिळते, पण मला तेवढी पुरली.

आता मी असं करते. समोर साधारण 80 सेंटिमीटरवर एक स्टूल, त्यावर घडी घातलेला टॉवेल, त्यावर फोन. टॉवेल यासाठी की ठेक्याचे हादरे जमिनीतून थेट फोनच्या अंगात शिरू नयेत. मुख्य माइक बहुतेक फोनमध्ये खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो. ती कड वाद्यांकडे करायची आणि कव्हरने भोक झाकलेलं नाही ना, ते बघायचं. खोलीचा कोपरा टाळायचा, तिथे खर्जाचे आवाज फुगतात आणि डग्गा तबल्याला गिळतो. तरीही डग्गा जास्त वाटला, तर फोन वीतभर तबल्याच्या बाजूला सरकवायचा.

मग चाचणी, आणि ती सर्वांत जोरदार बोलांनी. आपण सुरुवातीला हळूच 'ना धिं धिं ना' वाजवून "छान आलं" म्हणतो आणि फाटतो तो तिहाईचा शेवटचा धा. म्हणून तिहाईच पूर्ण जोरात वाजवायची आणि हेडफोन लावून ऐकायची. तानपुरा चालू असेल तर त्याच्याकडेही कान द्या. प्रत्येक धा नंतर तानपुरा दबून हळूहळू वर येत असेल, तर फोन स्वतःच पातळी खालीवर करतोय. रेकॉर्डरमध्ये ही सोय बंद करता येत असेल तर करा. नसेल, तर तानपुरा फोनच्या थोडा जवळ आणा. चॅटमधला व्हॉइस मेसेज मात्र टाळा. तो बोलण्यासाठी बेतलेला असतो, सतत वाजणारा तानपुरा त्याला गोंगाट वाटू शकतो. रेकॉर्ड केलेली फाइल जोडून पाठवा.

फार लांब जाण्यातही तोटा आहे. माझ्या खोलीत दोन मीटरवर फोन ठेवला तर चाट आणि शाईवरचे बोल एकमेकांत मिसळतात, कारण भिंतींचा आवाज वरचढ होतो. तिथे मागे गादी उभी केली तर फरक पडतो.

पेटी असेल तर फोन तिच्यावर ठेवू नका, भात्याची आणि पट्ट्यांची खटखट थेट उतरते. भात्याच्या हवेच्या झोतातही नको, बाजूला ठेवा. गाताना तोंडाच्या अगदी समोर न धरता हातभर अंतरावर, जरा तिरका ठेवा, म्हणजे 'प', 'भ'चे फुत्कार माइकवर आदळत नाहीत.

मी तोच कायदा, त्याच डग्ग्यावर, 80 सेंटिमीटरवरून पुन्हा पाठवला. गुरुजी म्हणाले, "पुडी बदललीस वाटतं. पण हात का आखडलाय?" तो मोकळा व्हायला आणखी महिना गेला.