महाराष्ट्रातील सर्वांत मोठे धरण कोणते?

एखाद्या परीक्षेचा पेपर छपाईला जाण्याआधी समीक्षकाच्या टेबलावर आला आहे आणि त्यात हा प्रश्न आहे, असे समजू. पर्याय चार: कोयना, जायकवाडी, उजनी, भंडारदरा. पेपर सेटरने उत्तर दिले आहे कोयना. प्रश्न साधा दिसतो, वाक्य लहान आहे, शुद्धलेखनही ठीक आहे. घाईतला समीक्षक बरोबरची खूण करून पुढे जाईल.

पण चांगला समीक्षक आधी हाताने पर्याय झाकतो आणि नुसता प्रश्न वाचून उत्तर देता येते का ते पाहतो. इथे लगेच अडायला होते. मोठे म्हणजे कशाने? उंची धरली तर कोयना, सुमारे १०३ मीटर. भिंतीची लांबी धरली तर जायकवाडी, जवळपास १० किलोमीटर. एकूण किती पाणी मावते हे पाहिले तर उजनी, सुमारे ११७ टीएमसी. कोयनेत साधारण १०५ आणि जायकवाडीत १०२-१०३ मावते. त्यातही एक मेख आहे. उजनीच्या पाण्यातला निम्म्याहून जास्त भाग मृत साठा आहे. फक्त उपयुक्त साठा मोजला, तर उजनी ५४ टीएमसीच्या आसपास येते आणि कोयना पुन्हा पहिल्या क्रमांकावर जाते. चारपैकी तीन पर्यायांची बाजू पुराव्यानिशी मांडता येईल, असा हा प्रश्न आहे.

यात फसतो कोण, हे पाहण्यासारखे आहे. ज्याने गाइडमधले एक वाक्य पाठ केले आहे तो क्षणात कोयना लिहून मोकळा होतो. ज्याला एकूण आणि उपयुक्त साठ्यातला फरक ठाऊक आहे तो दोन मिनिटे घालवतो, आणि बहुधा उजनीवर खूण करून गुण गमावतो. संदिग्ध प्रश्नाचा फटका अभ्यास केलेल्यालाच बसतो.

किती मोठा फटका बसू शकतो, ते २०२४ च्या नीट परीक्षेत देशाने पाहिले. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात दोन विधाने होती. दुसऱ्यात प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, असे म्हटले होते. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे काय, हा प्रश्न कोणालाही पडावा. पण एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाच्या आधारे ते विधान बरोबर ठरत होते, नव्या पुस्तकानुसार चूक. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचे मत मागवले आणि त्यांनी एकच पर्याय बरोबर ठरवला. दुसरा पर्याय निवडलेल्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण गेले: मिळालेले चार परत आणि वर नकारात्मक गुणांचा एक. पैकीच्या पैकी गुण मिळवणारे ६१ होते, ते १७ उरले. सगळा घोळ ‘प्रत्येक’ या एका शब्दाचा. समीक्षेच्या वेळी कुणी त्याखाली लाल रेघ ओढली असती, तर तिथे ‘बहुतेक’ येऊन वाद तिथल्या तिथे मिटला असता.

धरणाच्या प्रश्नाची दुरुस्ती अशी होईल: ‘मृत साठा धरून, पूर्ण भरल्यावर खालीलपैकी कोणत्या धरणात सर्वाधिक पाणी मावते?’ उत्तर उजनी. आता पर्यायांकडे. भंडाऱ्यातले गोसीखुर्द तरी थोडा विचार करायला लावते. भंडारदरा मात्र जेमतेम ११ टीएमसीचे, ते नावापुरते बसवलेले. असा एक पर्याय फुकट उडाला की अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता चारातून एकवरून तिनातून एकवर जाते. म्हणून भंडारदरा बाहेर, गोसीखुर्द आत.

उत्तर फोडणारे पर्याय ओळखण्याची युक्ती मजेशीर आहे. विषयाचा गंध नसलेल्या माणसाला पेपर द्यायचा आणि ‘उत्तर काय असेल वाटते?’ असे विचारायचे. याच पेपरात पुढे एक प्रश्न आहे असे धरू: ‘मृत साठा म्हणजे काय?’ पर्याय: गाळ, दूषित पाणी, वाफ होऊन गेलेले पाणी, आणि ‘धरणाच्या सर्वांत खालच्या दाराच्या पातळीखाली असल्यामुळे उताराने बाहेर सोडता न येणारे पाणी’. धरण कधी न पाहिलेलाही चौथ्यावर बोट ठेवील. सेटर बरोबर उत्तरावर कुणी हरकत घेऊ नये म्हणून त्याला अटी-शर्ती चिकटवत जातो आणि चुकीची उत्तरे दोन शब्दांत उरकतो. उपाय कष्टाचा आहे: चुकीचे पर्यायही तितकेच नेमके लिहायचे. ‘सिंचनासाठी सोडून झाल्यावर पावसाळ्यापर्यंत उरलेले पाणी’ हा पर्याय बघा. बरेच जण मृत साठ्याचा अर्थ असाच धरतात, म्हणून इथे खरी कसोटी लागते.

मराठीत विभक्तीही चुगली करते. ‘द्राक्षावरील भुरी हा रोग कशामुळे होतो?’ या प्रश्नाखाली विषाणू, जिवाणू, सूत्रकृमी आणि ‘बुरशीमुळे’ असे पर्याय असले तर उत्तर प्रत्ययानेच सांगून टाकले. पुस्तकातून बरोबर उत्तर जसेच्या तसे उचलले आणि बाकीची नंतर सुचतील तशी लिहिली, की हे होते.

नकारांबाबत मी जरा कडक आहे. ‘मृत साठ्याबाबत कोणते विधान अयोग्य नाही?’ आणि खाली पर्याय: ‘तो टंचाईत वापरता येत नाही असे नाही’. प्रश्नात दोन नकार, पर्यायात आणखी दोन. उजनीचा मृत साठा टंचाईच्या वर्षी वापरला जातो हे सोलापूरकराला कुणी सांगायला नको, तरीही तो इथे चुकू शकतो, कारण परीक्षा धरणाची न राहता गाठी सोडवण्याची झाली. ‘अयोग्य’, ‘विसंगत’, ‘वगळता’ हे शब्द नकारार्थीच आहेत, पण त्यात ‘नाही’ दिसत नसल्याने सेटरच्या नजरेतून सुटतात. माझा नियम सोपा: प्रश्न होकारार्थी करून टिकतो का ते पाहावे. ‘कोणते विधान बरोबर आहे?’ याने भागत असेल तर विषय संपला. अपवादच विचारायचा असेल तर एकच नकार, तोही ठळक अक्षरांत, आणि पर्यायांत एकही नाही.

इतके करूनही काही प्रश्न निसटतात. ते निकालाच्या आकड्यांत सापडतात. समजा शंभर जणांच्या चाचणीत धरणाचा दुरुस्त न केलेला प्रश्नच गेला. एकूण गुणांत वरचे २७ आणि खालचे २७ विद्यार्थी घ्यायचे. वरच्यांपैकी ९ जणांनी ‘कोयना’ लिहिले, खालच्यांपैकी १५ जणांनी. फरक उणे ६. त्याला २७ ने भागले की उणे ०.२२. आकडा उणे आला याचा अर्थ हुशार मुले चुकली आणि कच्ची तरली. मग वरच्या गटाने कुठे खूण केली ते बघायचे. उरलेल्या १८ पैकी १४ उजनीवर असतील, तर त्यांनी अंदाज मारलेला नाही. दोष प्रश्नात किंवा उत्तरतालिकेत आहे. हीच मुले इतस्ततः विखुरली असतील तर मात्र प्रश्न बरोबर पण शिकवायचा राहून गेलेला, अशीही शक्यता असते. म्हणून नुसत्या उणे आकड्यावरून प्रश्न रद्द करू नये, आधी तो पुन्हा वाचावा.

दुरुस्त प्रश्नात एक शेवटची तपासणी राहते. उजनीची एकूण क्षमता काही ठिकाणी ११७ टीएमसी दिलेली आढळते, काही ठिकाणी १२३. कोणताही आकडा घेतला तरी उजनीच पहिली येते, त्यामुळे हा प्रश्न पेपरात राहू शकतो. ‘उजनीची एकूण क्षमता किती?’ हा मात्र काढून टाकावा.