धुक्यातला वेग सेकंदांत मोजावा

कराड, वाळवा, पलूस, शिरोळ या भागांत गाळप हंगाम सुरू झाला की पहाटेचा रस्ता बदलतो. ऊस भरलेल्या जोड-ट्रॉल्या रात्रभर कारखान्याकडे सरकत असतात, बैलगाड्या अंधारातच वाटेला लागलेल्या असतात आणि तुटलेल्या फडातले पाचट कुठे ना कुठे पेटलेले असते. त्यात डिसेंबर-जानेवारीतले कृष्णाकाठचे धुके. नेमक्या याच वेळी दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली, सकाळच्या पाळीला निघालेले कामगार आणि पहिली एसटी गाठणारी मुले रस्त्यावर येतात. या रस्त्यावर दुचाकीस्वाराला सगळ्यात मोठा धोका समोरून येणाऱ्या वाहनाचा वाटतो. मला मात्र रस्त्यात उभ्या असलेल्या, मागे एकही दिवा नसलेल्या ट्रॉलीची धास्ती जास्त वाटते, कारण समोरून येणाऱ्याला निदान हेडलाइट तरी असतो.

हे धुके रात्री जमिनीलगत तयार होते. आभाळ निरभ्र असले, वारा पडलेला असला की जमीन आपली ऊब झपाट्याने गमावते, तिच्याजवळची दमट हवा गार होते आणि बाष्पाचे बारीक थेंब होतात. नदीकाठी, कालव्यालगत आणि नुकतेच पाणी पाजलेल्या शेतांवर ओल जास्त, म्हणून धुकेही तिथे दाट. ते सगळीकडे सारखे पसरलेले नसते. माळावर रस्ता स्वच्छ दिसतो आणि उतार उतरून पुलावर येताच समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून वेग पुलाच्या अलीकडेच, स्वच्छ रस्त्यावर असतानाच कमी करायचा. धुक्यात शिरल्यावर ब्रेक दाबला, तर मागून त्याच वेगाने येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही.

उजाडल्यावर धुके लगेच ओसरते, हाही एक समज. सूर्य वर येताच जमिनीलगतची हवा थोडी हलू लागते, वरखाली मिसळते आणि पुष्कळदा उजाडल्यानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तासच सर्वांत दाट ठरतो. सहाला निघण्याऐवजी साडेसहाला निघून फारसे काही साधत नाही. साडेआठनंतर निघता आले, तर मात्र फरक पडतो.

पाचटाचा धूर यात मिसळला की गोष्ट वेगळीच होते. थंड रात्रीनंतर जमिनीलगत गार आणि वर तुलनेने उबदार हवा असते, त्यामुळे धूर वर न जाता रस्त्यावरच रेंगाळतो. त्याच्या कणांवर बाष्प आणखी सहज जमते. ओलसर, धुमसणारे पाचट धुराबरोबर वाफही सोडते. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २३ ऑक्टोबर २०२३ रोजी दलदलीतल्या आगीचा धूर आणि सकाळचे धुके महामार्गावर असे एकत्र आले आणि दीडशेहून अधिक वाहने एकमेकांवर आदळली. धुक्यात जळकट वास आला, तर पुढच्या काही मीटरांत दिसणे अचानक संपू शकते, असेच धरून चालावे.

आता मुख्य प्रश्न. वेग किती असावा? भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत २०० मीटरच्या आत दिसत असेल तर दाट धुके आणि ५० मीटरच्या आत दिसत असेल तर अतिदाट धुके. पण गाडीवर बसून मीटर कसे मोजणार? त्यासाठी आपल्याकडच्या राज्य रस्त्यांवरची गेरू-चुन्याचे पट्टे मारलेली झाडे कामी येतात. धुक्यातून पुढचे झाड पहिल्यांदा दिसले की सेकंद मोजायला सुरुवात करायची आणि त्याच्याजवळून जाताना थांबायचे. ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे म्हटले की साधारण एकेक सेकंद होतो. झाडापर्यंत चार सेकंदही लागले नाहीत, तर वेग जास्त आहे. अरुंद रस्त्यावर समोरचाही तुमच्याकडेच येत असतो, म्हणून तिथे सहा सेकंद हवेत.

हे चार सेकंद कुठून आले, ते एका उदाहरणाने पाहू. अंदाजे ५० मीटर दिसते आहे आणि मोटारसायकल ताशी ६० किलोमीटरने चालली आहे. म्हणजे दर सेकंदाला ती जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसून, मेंदूला कळून, हात-पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद सहज जातो आणि तेवढ्यात २५ मीटर संपतात. दवाने ओल्या रस्त्यावर, त्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेला चिखल असेल तर, गाडी पूर्ण थांबायला आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. एकूण ६० मीटर, आणि दिसत होते ५०. ट्रॉलीवर आदळतानाही वेग तिसाच्या आसपास राहतो.

खरी परिस्थिती याहून वाईट असते. चुन्याचा पांढरा पट्टा ५० मीटरवरून दिसतो, पण धुळीने माखलेली, वाढ्यांनी मागचा भाग झाकलेली ट्रॉली ३५ मीटरवर आल्यावर कुठे डोळ्यांत भरते. साठच्या वेगात यातले २५ मीटर हात ब्रेकवर जाईपर्यंतच गेले. उरलेल्या दहा मीटरांत वेग जेमतेम पन्नासापर्यंत उतरतो. आणि ट्रॉलीच्या मागे काय असते? लोखंडी फाळका आणि छातीच्या उंचीवर बाहेर आलेली उसाची टोके. तीच गाडी ताशी ४० ने चालली असती, तर तेवढ्याच ओल्या रस्त्यावर सुमारे ३२ मीटरांत थांबली असती. ट्रॉलीपासून तीन मीटर अलीकडे. ताशी ३० ला २१ मीटर पुरतात. म्हणून ५० मीटर दिसत असताना चाळीस ही वरची हद्द समजावी आणि पट्ट्याची झाडेही चार सेकंदांच्या आत गाठली जात असतील, तर आणखी खाली यावे.

वेगाच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नये. १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात, दृश्य धूसर केल्यावर लोकांना आपण हळू चाललो आहोत असे वाटले आणि त्यांनी वेग वाढवला. २०१२ मधल्या दुसऱ्या प्रयोगात खऱ्या धुक्याप्रमाणे जवळचे स्पष्ट आणि लांबचे पुसट दाखवले, तेव्हा उलट परिणाम दिसला. तज्ज्ञांचेही यावर एकमत नाही, त्यामुळे आपल्याला काय वाटते यावर काहीच सोडू नये. दर थोड्या वेळाने स्पीडोमीटरकडे नजर टाकावी.

दिव्यांबद्दल बोलायचे तर, धुक्यात अप्पर लावणे हीच सगळ्यात नेहमीची चूक. अप्परचा झोत वर आणि लांब जातो, थेंबांवर आपटून उलट आपल्याच डोळ्यांवर येतो आणि समोर फक्त पांढरा पडदा उरतो. डिपर खाली रस्त्यावर पडतो, म्हणून तोच ठेवावा. फॉग लॅम्प बसवायचे तर खाली, आडवा पसरट झोत देणारे आणि रस्त्याकडे झुकवलेले. आरशांच्या वर बसवलेले झगझगीत एलईडी दिवे धुक्यात उपयोगाचे नाहीत. पिवळा प्रकाश धुके भेदतो, असे म्हणतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींच्या मानाने इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळ्याचा फायदा इतकाच, की निळसर पांढऱ्यापेक्षा तो डोळ्यांना कमी बोचतो. दिव्याचा रंग कोणता यापेक्षा त्याचा झोत कुठे पडतो, हे कितीतरी महत्त्वाचे.

तसे पाहिले तर धुक्यात आपला दिवा रस्ता पाहण्यासाठी कमी आणि दुसऱ्याला दिसण्यासाठी जास्त. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, म्हणून मागचाही लागला असेलच असे आपण गृहीत धरतो. निघण्यापूर्वी खाली उतरून तो पाहावा. बल्ब गेलेला असतो, काचेवर चिखल बसलेला असतो किंवा दुधाच्या कॅनने तो पुरता झाकलेला असतो. कॅनच्या मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवायला फार खर्च येत नाही. चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवू नये. गाडी उभी आहे की चालली आहे, हे मागच्याला कळत नाही आणि वळताना द्यायचा इशाराही हरवतो.

मागचा दिवा एकच असण्याचा आणखी एक तोटा आहे. कारचे दोन दिवे जवळ आले की त्यांच्यामधले अंतर वाढताना दिसते, त्यावरून ती किती लांब आहे याचा अंदाज येतो. एकुलत्या मिणमिणत्या दिव्यावरून तो येत नाही आणि धुक्यातला मंद दिवा आहे त्यापेक्षा लांब वाटतो. म्हणून तुमच्या मागचा चालक तुम्हाला जितके दूर समजतो, त्याहून तुम्ही जवळ असता. थांबायचे किंवा वळायचे असेल, तर आधीपासून दोन-तीनदा ब्रेक हलका दाबून दिवा लुकलुकवावा आणि मग सावकाश वेग कमी करावा.

हेच तुम्ही कुणाच्या मागे असताना उलट लागू होते. समोरच्या जीपचा लाल दिवा धरून जाणे फार सोपे वाटते, कारण रस्ता शोधण्याचे काम तोच करतो. पण तो दिवा नजरेआड होऊ नये म्हणून आपण नकळत जवळ जातो. जीप उभ्या ट्रॉलीवर आदळली, तर ती ब्रेक लावून थांबत नाही, जागच्या जागी थांबते. म्हणून तिच्या दिव्याने रस्त्यावरची एखादी खूण ओलांडली की तिथून स्वतः पोहोचेपर्यंत निदान चार सेकंद जावेत, आणि दिवा दिसेनासा झाला तर होऊ द्यावा. रस्ता मधल्या पट्ट्याच्या आधाराने शोधू नये, कारण समोरचाही तोच पट्टा धरून येत असतो. डाव्या कडेची पांढरी रेघ नजरेत ठेवावी, पण चाक आपल्या बाजूच्या मधोमध असावे. अगदी कडेला ट्रॉल्या, बैलगाड्या आणि पायी चालणारी माणसे असतात.

हेल्मेटच्या काचेचे दोन वेगळे त्रास आहेत. आतून श्वासाची वाफ धरते, बाहेरून धुक्याचे थेंब बसतात. आतल्या वाफेसाठी काच बोटभर उघडी ठेवावी किंवा निघताना आतून साबणाचा अगदी पातळ हात फिरवून कोरड्या कापडाने पुसून घ्यावा. बाहेरचे थेंब मात्र हातमोज्याने पुन्हा पुन्हा पुसावेच लागतात. समोर दाट झाल्यासारखे वाटले, तर वेग आधी कमी करून मग काच पुसून पाहावी. काळपट काच या दिवसांत घरीच ठेवावी.

आणि पुढचे झाडच दिसेनासे झाले, तर थांबायचे. तेही रस्त्याच्या कडेला नव्हे. डांबर सोडून शेताच्या वाटेवर, एखाद्या पंपाच्या किंवा टपरीच्या आवारात गाडी पूर्ण आत घ्यायची. तशी जागा मिळालीच नाही, तर गाडी जमेल तितकी आत लावून, चारही इंडिकेटर असतील तर ते सुरू करून, स्वतः गाडीच्या मागे न थांबता रस्त्यापासून आत, झाडाच्या किंवा बांधाच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे.